बिल थकलं, आता अर्ज कुणाच्या नावे?

डॉक्टर सकाळच्या राउंडला सांगतात, आज घरी जायला हरकत नाही. मग फाइल बिलिंगकडे जाते, न वापरलेली औषधं फार्मसीत परत होतात, डिस्चार्ज कार्ड टाइप होतं आणि दुपारी दोन-तीनच्या सुमारास फायनल बिल हातात पडतं. तोपर्यंत भरलेले पैसे वजा होऊन खाली जो आकडा उरतो, तो पाहून घरातला कर्ता माणूस बिलिंगच्या खिडकीशी जातो आणि म्हणतो, ‘साहेब, परिस्थिती बघा, काहीतरी कमी करा.’ खिडकीमागचा मुलगा पगारी क्लार्क असतो. फार तर पाचशे-हजारांची सूट द्यायचा अधिकार त्याच्याकडे असतो, बऱ्याचदा तोही नसतो. तो ‘मॅनेजमेंटशी बोला’ म्हणतो. मॅनेजमेंट कुठं बसतं हे कुणी सांगत नाही. संध्याकाळ होते आणि मंगळसूत्र गहाण पडतं.

अशा नातेवाइकांबरोबर बसून अर्ज लिहून घेण्याचं काम मी गेली काही वर्षं करते. मला सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं, की महाराष्ट्रात निदान चारशेहून अधिक रुग्णालयांत ही विनवणी करायची गरजच नसते. तिथं सवलत कायद्याने ठरलेली आहे. फक्त ती खिडकीवर मागून मिळत नाही. ती लेखी मागावी लागते, योग्य माणसाकडे आणि योग्य वेळी.

ही रुग्णालयं म्हणजे धर्मादाय रुग्णालयं. सार्वजनिक न्यास चालवतो आणि सरकारकडून जमीन, करसवलत किंवा तत्सम फायदा घेतो, अशा रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यातलं कलम ४१ कक लागू होतं. रुग्णालयात त्याला सगळे ‘फॉर्टीवन डबल ए’ म्हणतात. या कलमानुसार एकूण खाटांपैकी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी दहा टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल रुग्णांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात. कलम जुनं होतं, पण अंमलबजावणी ज्याच्या त्याच्या मर्जीवर चालायची. २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यासाठी सविस्तर योजना घालून दिली आणि ती त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून लागू झाली. आज कुणाच्याही बिलावर बोलायचं तर या योजनेच्या आधाराने बोलावं लागतं.

योजनेचा कणा म्हणजे निर्धन रुग्ण निधी, बोलीभाषेत आयपीएफ. पैसे भरणाऱ्या इतर रुग्णांच्या एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम रुग्णालयाने या वेगळ्या खात्यात जमा करायची आणि गरीब रुग्णांची बिलं त्यातून भागवायची. हे लक्षात आलं की अर्जाचा सूरच बदलतो. ट्रस्टींनी स्वतःच्या खिशातून उपकार करावेत असं आपण म्हणत नसतो. रुग्णालयात याच कामासाठी बाजूला ठेवलेला पैसा आहे, त्यातून आमचं बिल वर्ग करा, एवढंच आपण सांगत असतो.

आपलं रुग्णालय धर्मादाय आहे का, हे कसं कळायचं? नावावर जाऊ नये. चकचकीत काचेची इमारत असलेली, कॉर्पोरेट वाटणारी कितीतरी रुग्णालयं कागदावर न्यासाची आहेत, आणि ‘सेवा’ नाव लावलेली काही पूर्णपणे खासगी आहेत. पावती उलटून पाहावी. वर किंवा तळाशी न्यासाचा नोंदणी क्रमांक असतो, साधारण ‘ई’ किंवा ‘एफ’ अक्षरानं सुरू होणारा आणि पुढे जिल्ह्याचं नाव. तो दिसला की बहुधा काम झालं. खात्रीसाठी धर्मादाय आयुक्तालयाचं charity.maharashtra.gov.in हे संकेतस्थळ आहे. तिथं धर्मादाय रुग्णालयांची माहिती आणि राखीव खाटांची स्थिती पाहता येते. खाट रिकामी असल्याचा त्या दिवसाचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा. ‘कोटा भरलाय’ या उत्तरापुढे तो फार उपयोगी पडतो.

आता पात्रता. सध्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर रुग्ण ‘निर्धन’ आणि त्यापुढे ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर ‘दुर्बल घटक’ गणला जातो. महिन्याचा हिशेब मांडला तर पंधरा हजारांपर्यंत कमावणारं घर पहिल्या गटात आणि तीस हजारांपर्यंत कमावणारं दुसऱ्या गटात येतं. रिक्षाचालक, दुकानातला सेल्समन, कंत्राटी शिक्षक, दोन घरची धुणीभांडी करणारी बाई आणि तिचा वॉचमन नवरा, ही सगळी माणसं यात बसतात. पण ‘आपण काही अगदी गरीब नाही’ असं म्हणून तीच माणसं अर्ज करत नाहीत.

इथं एक गोष्ट पुनःपुन्हा अडते. रुग्णालयं शिधापत्रिकेचा रंग बघतात. पिवळी किंवा केशरी असेल तर समाजसेवा विभाग अर्ज घेतो, पांढरी दिसली की परत पाठवतो. पांढरी शिधापत्रिका एक लाखावर उत्पन्न असलेल्यांना मिळते. म्हणजे सव्वादोन लाख कमावणारं घर पांढऱ्या कार्डाचं असू शकतं आणि तरीही या योजनेत दुर्बल घटकात येतं. अशा वेळी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हाच खरा कागद. तो सेतू केंद्रातून किंवा ‘आपले सरकार’वरून निघतो, पण त्याला दिवस लागतात. म्हणून रुग्ण आयसीयूत असतानाच घरातल्या एकाने तलाठ्याकडून सुरुवात करावी. अर्ज मात्र दाखल्यासाठी थांबवू नये. दाखल्यासाठी अर्ज केल्याची पावती जोडावी आणि ‘मूळ दाखला मिळताच सादर करतो’ असं लिहावं.

हा अर्ज बिलिंगला द्यायचा नाही. तो वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे लिहून वैद्यकीय समाजसेवकाच्या हाती द्यायचा. मोठ्या धर्मादाय रुग्णालयात समाजसेवा विभाग असतोच. बहुतेकदा तळमजल्यावर ओपीडीच्या मागे एका खोलीत एक-दोन माणसं बसलेली असतात आणि बाहेर रांग असते. रुग्णाची आर्थिक परिस्थिती तपासून शिफारस करण्याचं काम त्यांचं. त्यांच्याशी नीट बोलणं म्हणजे अर्धं काम. ही माणसंही दोन्हीकडून दबलेली असतात, वरून मॅनेजमेंट निधी जपून वापरा म्हणतं आणि समोर रडणारी माणसं असतात. त्यांना ज्यावर सही घेता येईल असा नीट कागद आपण दिला तर ते मनापासून मदत करतात, हा माझा अनुभव आहे.

वेळेचं मोल इथं फार आहे. दाखल करतानाच अर्ज दिला तर उत्तम, कारण मग रुग्णाची नोंद राखीव खाटेवर होते. उपचार चालू असताना दिला तरी चालतो. फायनल बिल निघाल्यावर पण डिस्चार्जच्या आधी दिलेला अर्जही वाया जात नाही, कारण हिशेब अजून उघडा असतो. घरी गेल्यावर मात्र त्याचा जोर ओसरतो. बिल बंद झालेलं असतं, त्या महिन्याच्या राखीव खाटांची आणि निधीची माहिती धर्मादाय कार्यालयाकडे गेलेली असते आणि जुनं बिल उघडायला वरिष्ठांची मंजुरी लागते. त्यानंतर हातात उरतात फक्त हप्ते आणि मॅनेजमेंटची सदिच्छा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचंही असंच आहे. ती कॅशलेस आहे, तिची नोंद आरोग्यमित्राकडे उपचारांदरम्यान व्हावी लागते, भरलेले पैसे ती परत देत नाही. मुख्यमंत्री सहायता निधीसुद्धा रक्कम थेट रुग्णालयाला देतो, घरी आलेल्या पावत्यांवर नाही. म्हणून डिस्चार्जच्या आधी ही दोन दारं वाजवून घ्यावीत.

आता एक बिल घेऊन बसू. आकडे नमुन्याचे आहेत, पण मांडणी मी रोज पाहते तशीच. पुण्यात भाड्याने राहणारा रिक्षाचालक. घरात बायको, दोन मुलं, आई. महिन्याची कमाई २२ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ६४ हजार. बायकोचं अपेंडिक्स फुटलं, पोटात पू झाला, रात्रीतून ऑपरेशन, चार दिवस आयसीयू, पुढे वॉर्ड. भरती करताना ३० हजार भरले. फायनल बिल ३ लाख १२ हजार, बाकी २ लाख ८२ हजार.

या बिलाचा तपशीलवार उतारा मागितला, म्हणजे एका ओळीत ‘हॉस्पिटल चार्जेस’ लिहिलेला नव्हे तर ओळीओळीचा, तेव्हा ते असं दिसलं. खाट, नर्सिंग, निवासी डॉक्टर आणि जेवण मिळून ७४ हजार. शस्त्रक्रियागृह ४८ हजार. सर्जन, भूलतज्ज्ञ आणि फिजिशियन यांची फी ६८ हजार. रक्ताच्या नेहमीच्या तपासण्या २२ हजार. सीटी स्कॅन १२ हजार. औषधं आणि सलाइन, सुया, ग्लोव्ह्ज यांसारखं सामान ८८ हजार.

योजनेत या बिलाला कात्री कशी लागते ते पाहा. खाट, निवासी डॉक्टर, नर्सिंग, रुग्णालयाने दिलेलं जेवण, चादरी, पाणी, वीज, साफसफाई आणि नेहमीच्या तपासण्या या ‘बिल न करण्याच्या’ सेवा. निर्धन असो की दुर्बल, बिलात त्या लावायच्याच नाहीत. इथं ७४ आणि २२ मिळून ९६ हजार गेले. उपचार करणाऱ्या डॉक्टरांची फीही या रुग्णांच्या बिलात घ्यायची नाही, म्हणजे ६८ हजार गेले. शस्त्रक्रियागृह आणि सीटी स्कॅन लागतात, पण सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने. या बाईंना रात्री जागा नसल्याने सेमी-प्रायव्हेटमध्ये ठेवलं होतं, त्यामुळे दर वरच्या वर्गाचे लागले होते. जनरल वॉर्डच्या दराने ४८ चे ३० हजार आणि १२ चे ९ हजार झाले. औषधं आणि सामान रुग्णालयाच्या खरेदी किमतीत द्यायचं, छापील किमतीत नाही. छापील ८८ हजारांच्या मालाची खरेदी ५२ हजारांची निघाली.

बेरीज ९१ हजार. तीन लाख बारा हजारांचं बिल इथवर उतरायला कुणी दया दाखवली नाही, फक्त नियम लावला. निर्धन रुग्ण असता तर हे ९१ हजार पूर्णच निधीतून गेले असते. दुर्बल घटकातल्या रुग्णाने औषधं, सामान आणि इम्प्लांट यांच्या रकमेतला किमान अर्धा वाटा स्वतः भरायचा असतो, इथं २६ हजार. उरलेली रक्कम निधीवर टाकता येते.

प्रत्यक्षात मात्र गाडं इथंच अडतं. रुग्णालय म्हणतं, या महिन्यात निधीत तेवढी शिल्लक नाही. कधी ते खरं असतं. एका मोठ्या अपघाताचं किंवा हृदयशस्त्रक्रियेचं बिल निधी रिकामा करू शकतं. या कुटुंबाला निधीतून ४० हजार मिळाले. वाट्याला ५१ हजार आले, त्यातले ३० आधीच भरलेले. उरले २१ हजार. दोन लाख ब्याऐंशी हजारांऐवजी एकवीस हजारांवर हप्ते मागणं म्हणजे वेगळीच गोष्ट. म्हणून माझा आग्रह असतो, आधी सवलत, मग हप्ते. उलटं केलं, म्हणजे संपूर्ण आकड्यावर हप्ते मान्य करून सही केली, तर पुढे सवलतीचा मुद्दा काढायला जागा राहत नाही.

हप्त्यांचा आकडा ठरवताना माणसं भावनेच्या भरात ‘दरमहा दहा हजार देतो’ म्हणून जातात. दुसऱ्याच महिन्यात ते अडकतात आणि मग फोन येऊ लागतात. रिक्षाचालकाचा हिशेब कागदावर मांडला: भाडं ६ हजार, किराणा-दूध-गॅस ७ हजार, मुलांची शाळा २ हजार, रिक्षाचं कर्ज ४ हजार ५००. एकूण १९ हजार ५००. हाती राहतात अडीच हजार. म्हणून मागणी केली दरमहा २,१०० रुपयांची, दहा महिने. हा हिशेब अर्जाला जोडला होता, सोबत कर्जाच्या हप्त्याची पासबुकातली नोंद आणि भाडेकराराची प्रत. ‘परिस्थिती हलाखीची आहे’ या वाक्याने कुठल्याच अधिकाऱ्याला निर्णय घेता येत नाही. ‘२२ हजार येतात, १९ हजार ५०० जातात’ यावर तो टिपण लिहू शकतो.

अर्ज साधा असावा. आम्ही दिलेल्याचा मजकूर साधारण असा होता:

“प्रति, वैद्यकीय अधीक्षक. मार्फत, वैद्यकीय समाजसेवक. विषय: कलम ४१ कक अंतर्गत दुर्बल घटक म्हणून बिलात सवलत आणि उर्वरित रकमेसाठी हप्ते मिळण्याबाबत. महोदय, माझी पत्नी (आंतररुग्ण क्रमांक अमुक) आपल्या रुग्णालयात या तारखेपासून दाखल आहे. आमच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २,६४,००० रुपये आहे. दाखला जोडला आहे. उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार बिल न करण्याच्या सेवा आणि डॉक्टरांची फी वगळून, खालच्या वर्गाच्या दराने आणि औषधांच्या खरेदी किमतीने बिल पुन्हा तयार करून मिळावं, आणि देय रकमेपैकी जास्तीत जास्त रक्कम निर्धन रुग्ण निधीतून वर्ग करावी. त्यानंतर उरणारी रक्कम मी दरमहा २,१०० रुपयांप्रमाणे भरीन. बिलाच्या आकड्याबाबत हरकत घेण्याचा माझा हक्क राखून हा अर्ज करत आहे. अर्ज नाकारायचा झाल्यास कारण लेखी कळवावं.”

यातली शेवटची दोन वाक्यं विसरू नयेत. येणं वसूल करण्यासाठी दिवाणी दावा करायचा तर कायद्याने साधारण तीन वर्षांची मुदत असते. त्या मुदतीत आपण लेखी ‘एवढं देणं आहे’ असं कबूल केलं की मुदत त्या दिवसापासून पुन्हा मोजली जाते. अर्ज करू नये असा याचा अर्थ नाही. आकडा वादात असताना तो पूर्ण मान्य असल्यासारखं लिहू नये, इतकाच आहे. ‘कारण लेखी कळवावं’ हे वाक्य तर जादूसारखं काम करतं. ‘कोटा भरलाय’, ‘निधी संपलाय’ ही उत्तरं तोंडी देणं सोपं असतं. सही-शिक्क्यानिशी देताना माणूस दोनदा विचार करतो, कारण तोच कागद धर्मादाय कार्यालयात जाऊ शकतो.

अर्जाच्या दोन प्रती काढाव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख व सही घ्यावी. शिक्का द्यायला कुणी टाळलं तर तोच अर्ज रुग्णालयाच्या अधिकृत ईमेलवर त्याच दिवशी पाठवावा. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर जिल्ह्याच्या सहायक, उप किंवा सह धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. योजनेवर देखरेख ठेवणारी समिती तिथंच असते. तिथून रुग्णालयाला एक फोन गेल्यावर दुपारपर्यंत संपलेला निधी संध्याकाळी थोडा सापडतो, हेही मी पाहिलं आहे. पण तिथं सकाळी लवकर, सगळ्या कागदांच्या प्रती घेऊन जावं लागतं. संध्याकाळी पाचला डिस्चार्ज अडल्यावर धावत सुटून उपयोग होत नाही.

डिस्चार्ज अडला तर? बिल थकलं म्हणून रुग्णाला रुग्णालयात डांबून ठेवता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने अशा अडवणुकीला बेकायदेशीर म्हटलं आहे आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेतही हा हक्क स्पष्ट आहे. मृतदेह अडवून ठेवणं तर कुठल्याही कागदात बसत नाही. पैसे वसूल करायला रुग्णालयाला दिवाणी कोर्टाचा रस्ता मोकळा आहे, माणूस तारण ठेवायचा नाही. तरी अडवलंच तर आवाज चढवण्याआधी वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्यावं आणि एकशे बाराला फोन करावा. डॉक्टर-नर्सवर हात उगारणारे नातेवाईक पाहिले की मला धडकी भरते. रुग्णालयातल्या हिंसेविरुद्धचा कायदा कडक आहे, आणि त्यात अडकल्यावर सवलतीचं बोलणं तिथंच थांबतं.

सगळ्यात धोक्याचा कागद डिस्चार्जच्या टेबलावरच पुढे येतो. ‘हप्ते देतो, पण सिक्युरिटीसाठी दहा कोरे चेक सही करून द्या.’ सुटका होईल या आनंदात माणूस सही करतो. तो चेक तारीख-रक्कम भरून बँकेत टाकला आणि परत आला तर प्रकरण दिवाणी राहत नाही. चेक न वटणं हा परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली गुन्हा आहे. बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे, नाही तर फौजदारी तक्रार. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून कोरा चेक देऊ नये. द्यावाच लागला तर प्रत्येकावर रक्कम आणि तारीख स्वतः लिहावी, चेकचे क्रमांक हप्त्यांच्या पत्रात नोंदवावेत आणि खात्यात त्या दिवशी पैसे असतील अशीच तारीख घालावी. कमाईचा दिवस लक्षात घ्या. रिक्षावाल्याची कमाई रोजची, पण पगारदाराने महिन्याच्या पंचवीस तारखेचा चेक दिला तर तो फसणारच.

दुसरी गल्लत ‘ईएमआयची सोय आहे’ या पाटीमुळे होते. त्या पाटीमागे बहुतेकदा फायनान्स कंपनी असते. ती रुग्णालयाचं बिल एकदम भरते आणि आपण तिचे कर्जदार होतो. व्याज किंवा प्रोसेसिंग फी लागते, हप्ता चुकला की दंड लागतो आणि सिबिलमध्ये नोंद जाते. रुग्णालयाने स्वतः दिलेले हप्ते वेगळे, त्यात कर्ज नाही आणि व्याज लावायचं तर ते पत्रात लिहिलेलं असायला हवं. टेबलावरचा माणूस दोन्हीला ‘हप्ते’च म्हणतो. सही करण्याआधी कागदाच्या माथ्यावर कुणाचं नाव आहे ते वाचावं.

रुग्णालय न्यासाचं नसून पूर्ण खासगी असेल तर कलम ४१ कक लागू होत नाही, आणि खोटी आशा मी कुणाला देत नाही. तिथं तपशीलवार बिल मागून चुका शोधायच्या: न केलेली तपासणी, परत केलेल्या औषधांची न झालेली वजावट, एकाच दिवशी दोनदा लागलेली व्हिजिट फी. मग सर्जनला स्वतः भेटून त्यांची फी कमी करायची विनंती करायची, कारण ती त्यांच्या हातात असते. काही देवस्थानं आणि ट्रस्ट रुग्णालयाच्या नावे मदतीचा चेक देतात, त्यांना बिलाचं अंदाजपत्रक किंवा थकबाकीचं पत्र लागतं. ते पत्र बिलिंगकडून लेटरहेडवर मागून घ्यावं. उरलेल्या रकमेचे हप्ते मात्र मॅनेजमेंटच्या इच्छेवर.

हप्ते सुरू झाल्यावर प्रत्येक वेळी पावती घ्यावी आणि तीवर जुना बिल क्रमांक आहे ना ते पाहावं. नसेल तर ती रक्कम दुसऱ्याच खात्यात ‘ॲडव्हान्स’ म्हणून पडून राहते आणि वर्षभराने थकबाकीची नोटीस येते. एखादा महिना जमणार नसेल तर तारीख उलटण्याआधीच समाजसेवकाला चार ओळी लिहून द्याव्यात, दोन हप्ते पुढे ढकलून मिळतात. शेवटचा हप्ता भरला की थकबाकी शून्य असल्याचं पत्र घ्यावं, दिलेले चेक आणि भरतीच्या वेळी सही केलेलं हमीपत्र परत मागावं, आणि हे सगळं केसपेपरच्या फाइलीतच ठेवावं.